दोलन की हेलकावा? तारेच्या दृढता गुणांकाचा प्रयोग लिहिताना

मेघना: बी.एस्सी.च्या प्रयोगपुस्तिकेचे मराठी तपासते आहे. पितळी तारेला चकती टांगायची, थोडा पीळ देऊन सोडायची, २० फेऱ्यांचा वेळ घ्यायचा आणि तारेचा दृढता गुणांक काढायचा, असा प्रयोग आहे. एका पानावर 'हेलकावे' आहे, पुढच्यावर 'दोलने', तक्त्यात 'आवर्तकाल'. तिन्ही ठेवले तर चालेल का? शिवाय उत्तर ३.७००४ × १०¹⁰ न्यूटन प्रति चौरस मीटर असे छापले आहे.

दिगंबर: दोलन काय आणि हेलकावा काय, एकच. फक्त कोन ४-५ अंशांच्या आत ठेवा अशी सूचना घाला, नाहीतर आवर्तकाल बदलतो.

सुलभा: दिगंबरराव, ती अट साध्या लंबकाची. इथे चकतीला परत आणणारे बल तारेच्या पिळातून येते आणि ते कोनाच्या सम प्रमाणात वाढते. तार स्थितिस्थापक मर्यादेत आहे तोवर ६० अंश पीळ दिला तरी आवर्तकाल तोच. सूचना घालायचीच तर चकती बाजूला झुलू देऊ नका, अशी घाला. हाताने ढकलून सोडली की ती पिळाबरोबर झोकेही घेते आणि खुणेसमोरून कधी गेली ते नीट कळत नाही.

मेघनाताई, 'हेलकावा' मात्र काढाच. बोलताना चकती डावीकडून उजवीकडे गेली की एक हेलकावा झाला. दोलन पुरे होते ते खूण त्याच ठिकाणी, त्याच दिशेने परत आल्यावर. म्हणजे हेलकावा हे अर्धे दोलन, आणि सूत्रात आवर्तकालाचा वर्ग आहे:

η = 8πIL / (T²r⁴)

इथे I म्हणजे चकतीचे जडत्व आघूर्ण, L तारेची लांबी, T आवर्तकाल आणि r तारेची त्रिज्या. तार ६० सेंमी, व्यास ०.९० मिमी, चकती १.५० किलो, तिची त्रिज्या ६.०० सेंमी. २० दोलनांना १०३.६ सेकंद, म्हणून T ५.१८ सेकंद आणि η ३.७ × १०¹⁰. कोणी एकेका बाजूचे २० हेलकावे मोजले तर ५१.८ सेकंद येतात आणि η चौपट, १४.८ × १०¹⁰. पोलादाचा सुद्धा साधारण ८ × १०¹⁰ असतो, तेव्हा ही चूक लगेच दिसते.

इरफान: आमच्या प्रयोगशाळेत पितळेलाच दरवेळी ४.१ यायचे. हेलकाव्यांचा घोळ नव्हता. तार वेगळ्या मिश्रणाची असेल असे म्हणून सोडून दिले.

सुलभा: मिश्रणाने फरक पडतो, पण आधी मोजणी तपासा. घड्याळ सुरू करताना 'एक' म्हटले तर 'वीस' म्हणेपर्यंत १९ दोलनेच होतात. वेळ ९८.४ सेकंद येतो आणि २० ने भागल्यावर T ४.९२. त्यावरून η नेमका ४.१ निघतो, आणि आकडा शक्य कोटीतला वाटत असल्याने कुणाला शंका येत नाही. घड्याळ दाबताना 'शून्य' म्हणायचे. पडताळा असा: १० आणि २० दोलनांचे वेळ वेगवेगळे घ्या. दुसरा पहिल्याच्या दुप्पट यायला हवा. ४६.६ आणि ९८.४ आले तर मोजणीत एक कमी आहे. वजाबाकी ५१.८, ती मात्र बरोबर १० दोलनांची.

दिगंबर: लंबकाचे माझे चुकले, मान्य. पण २० ऐवजी ५० दोलने घेतली तर उत्तर आणखी अचूक होईल ना? मग चार दशांश स्थळे ठेवता येतील.

सुलभा: आवर्तकाल अधिक काटेकोर होईल, η नाही. घड्याळ दाबण्यातली ०.२ सेकंदाची ढिलाई २० दोलनांत वाटली की T मध्ये ०.२ टक्के उरते, T² मध्ये ०.४. लांबी आणि चकतीची त्रिज्याही फारसा त्रास देत नाहीत. अडते व्यासावर. स्क्रू गेजचे लघुतम माप ०.०१ मिमी धरले तर ०.९० वर १.१ टक्के, आणि त्रिज्येचा चौथा घात म्हणून ४.४ टक्के. त्यामुळे अहवालात (३.७ ± ०.२) × १०¹⁰ एवढेच लिहावे. ३.७००४ मधले शेवटचे तीन अंक कॅलक्युलेटरचे आहेत, तारेचे नाहीत.

जास्त वेळ द्यायचा तो व्यासाला. पाच-सहा जागी, प्रत्येक जागी एकमेकांना काटकोनात दोन वाचने घ्या, कारण तार सगळीकडे गोल नसते. स्क्रू गेजची शून्यत्रुटी आधी वजा करा. ती सरासरीने जात नाही आणि ०.०२ मिमीची राहिली तरी उत्तर ९ टक्क्यांच्या आसपास हलते.

मेघना: मग तक्त्यात '२० दोलनांचा काळ' आणि 'आवर्तकाल' असे दोन वेगळे स्तंभ करते, आणि 'एक दोलन म्हणजे खूण त्याच दिशेने परत येणे' हे कृतीतच लिहिते. ± नंतरच्या आकड्याला पुस्तिकेत 'चूक' म्हटले आहे, ते खटकते.

सुलभा: 'अनिश्चितता' लिहा. शून्य विसरणे ही चूक; स्क्रू गेजला ०.०१ च्या पुढे न दिसणे ही चूक नव्हे.

इरफान: पण तोंडी परीक्षेत सगळे 'त्रुटी'च म्हणतात, आणि तुम्हीही वर 'शून्यत्रुटी' लिहिलेच आहे. शून्यत्रुटी वजा करता येते, ही करता येत नाही, तरी शब्द एकच राहिला तर विद्यार्थ्याला फरक कळायचा कसा?