मदत हवी आहे: सेमिनारच्या स्लाइडवर उतारा कसा मांडावा?

एम.ए. मराठीच्या सेमिनारमध्ये नेमाड्यांच्या 'कोसला' कादंबरीवर १५ मिनिटं बोलायचंय. निबंध सगळ्यांना आधीच दिलाय, त्यामुळे तोच स्लाइडवर पुन्हा नको. माझा मुद्दा असा: पांडुरंग सांगवीकर एरवी सगळ्याची टर उडवत बोलतो, पण धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूपाशी ती भाषा त्याला पुरत नाही, आणि कादंबरीचा कणा तिथेच आहे. 'निवेदनशैली'सारखे मथळे काढून मी पूर्ण विधानं लिहिली, त्याने बराच फरक पडला. अडचण उताऱ्यांची आहे. लांब उतारा टाकला की लोक वाचत बसतात. दोनच ओळी ठेवल्या तर स्वर कुठे बदलतो ते दिसत नाही. छापील प्रती वाटता येणार नाहीत. कॉलेजमधला थट्टेखोर उतारा आणि मनीचा उतारा शेजारीशेजारी ठेवून आधी मोठ्याने वाचावेत, की दावा आधी सांगून मग ते दाखवावेत?