पाचव्या आठवड्याचा तिसरा दिवस: ॲप चुकतंय की आपण?

कट्टेकरी: जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉनमधली ड्रीम रन. एका संस्थेसाठी निधी गोळा करतोय, पैसे येऊ लागलेत, त्यामुळे आता माघार नाही. हातात ८ आठवडे आहेत. नवख्यांना नऊ आठवड्यांत, आठवड्यातून तीन दिवस असं पळायला शिकवणारं काउच टू ५के चालू आहे आणि या ॲपने वैताग आणलाय. मंगळवारी ८ मिनिटं पळा, ५ मिनिटं चाला, परत ८ मिनिटं पळा. आणि शनिवारी एकदम सलग २० मिनिटं! तेराव्या मिनिटाला दम संपला, कानात बाई म्हणतेय 'मस्त चाललंय'. तिला काय दिसतंय माझं? नवख्यांना असली ॲप्स देणं बेजबाबदारपणा आहे. कागदावर तक्ता लिहा आणि पळा, असं माझं मत.

पहाटपाळी: बेजबाबदार म्हणण्याआधी बेरीज करा. चौथ्या आठवड्यात तिन्ही दिवस ३, ५, ३, ५ असं पळायचं असतं, म्हणजे दिवसाला १६ मिनिटं. पाचव्यात ८ आणि ८, पुन्हा १६. त्यानंतर २०. पायांना शनिवारी फक्त ४ मिनिटं जास्तीची होती. मग तेराव्या मिनिटाला का अडलं? वेगामुळे. पुढे ५ मिनिटं चालायला मिळणार हे माहीत असलं की माणूस ८ मिनिटं जोरात काढतो आणि चालताना दम भरून घेतो. तोच वेग २० मिनिटांना लावला की मध्येच अडकणार.

नावावरून शिवाजी पार्कचे दिसता. मैदानाभोवतीच्या कट्ट्याची फेरी साधारण १.२ किमी. २० मिनिटांत दोन फेऱ्या, एवढंच ठेवा. पहिली अर्धी फेरी ५ मिनिटांच्या आत झाली तर तुम्ही जास्त वेगात आहात, तिथेच आवरा. पळताना एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. तीन-तीन शब्दांनी श्वास घ्यावा लागत असेल तर पावलं लहान करा, पण चालू नका. आणि ॲपमधल्या बाईला तुमचा दम दिसत नाही हे खरंच आहे. ती घड्याळ बघून बोलते. वेगावर लक्ष ठेवणं तिच्यावर सोपवलंत, तिथे गडबड झाली.

सह्याद्री७२: बेरीज सोयीची केलीत. आठवड्याला १० टक्क्यांच्या वर वाढ नको, हे कुठलाही प्रशिक्षक सांगेल. १६ वरून २० म्हणजे २५ टक्के. कट्टेकरींचं बरोबर आहे, तक्ताच चुकीचा आहे.

पहाटपाळी: १० टक्के आठवड्याच्या बेरजेवर धरतात, एका दिवसावर नाही. चौथा आठवडा ४८ मिनिटं. पाचवा १५, १६ आणि २०, म्हणजे ५१. वाढ जेमतेम ६ टक्के.

सह्याद्री७२: मग तोच हिशोब पुढे न्या ना! सहावा १८, २० आणि २५, म्हणजे ६३. सातवा २५ तीनदा, ७५. ५१ वरून ६३ हे किती टक्के झाले ते तुम्हीच सांगा.

पहाटपाळी: २३ च्या वर. मान्य. पाचव्याबद्दल तुमचं म्हणणं चुकलं, पण सहाव्या-सातव्यात उडी आहे, आणि नडगी नेमकी तेव्हाच बोलू लागते. दुखणं नडगीच्या आतल्या कडेला लांबवर पसरलेलं असेल तर तोच आठवडा पुन्हा करा, मधल्या दिवशी पूर्ण विश्रांती. बोटाने दाबल्यावर हाडावर एकाच जागी कळ आली, किंवा चालतानाही दुखलं, तर पळणं बंद आणि डॉक्टर.

लेस्टरची_माई: इथे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेच्या, म्हणजे एनएचएसच्या ॲपमध्ये विनोदी कलाकार सारा मिलिकनसारखे वेगवेगळे आवाज निवडता येतात. कट्टेकरी, तुम्हाला ती बाई आवडत नसेल तर आवाज बदलून बघा.

कट्टेकरी: माई, प्रश्न आवाजाचा नाहीच हो. आणि आवाज तरी कुठे येतो? काल ८ मिनिटं संपल्याची सूचनाच आली नाही. खिशातून फोन काढला तर ॲप बंद पडलेलं.

तारवाला: बॅटरी वाचवायला फोनच ते बंद करतो. ॲपच्या चिन्हावर बोट दाबून App info उघडा, बॅटरीच्या भागात `Unrestricted` निवडा. काही फोनमध्ये ऑटोस्टार्टची परवानगी वेगळी द्यावी लागते. मग फोन लॉक करून घरातच पहिल्या आठवड्याचा दिवस लावा. ५ मिनिटं चालणं, ६० सेकंद पळणं, ९० सेकंद चालणं, या तिन्ही सूचना स्क्रीन काळी असताना ऐकू आल्या तर काम झालं. एक इअरफोन वापरत असाल तर `Mono audio` चालू करा, नाहीतर गाण्याचा अर्धा भाग दुसऱ्या कानात राहतो.

रस्त्यावरची: एक कान, दोन कान, काही नको! पहाटे साडेपाचला रस्त्यावर पळणाऱ्याने कान मोकळेच ठेवावेत. मागून रिक्षा येते, कुत्रा येतो, आणि बाईमाणसाला मागून माणूसही येतो. ॲपवाले हे सांगतच नाहीत.

तारवाला: म्हणूनच एक कान म्हटलं. रहदारीला तोंड करून पळा आणि रस्त्याच्या बाजूचा कान मोकळा ठेवा.

रस्त्यावरची: रहदारीला तोंड केलं तरी मागून उलट दिशेने येणारी दुचाकी तुम्हाला दिसणार आहे का? तुमचा नियम पुस्तकातला आहे, आमच्या रस्त्यावरचा नाही.

तारवाला: मग नवख्याने ९० सेकंद मोजायचे कसे? दर वेळी मनगट बघत पळलात तर खड्ड्यात पाय जाईल.

रस्त्यावरची: फोनचा स्पीकर चालू ठेवा. नाहीतर मैदानात पळा. मैदानात दोन्ही कान बंद करा, माझी हरकत नाही.

सह्याद्री७२: आणि ड्रीम रनच्या दिवशी? सीएसएमटीच्या त्या गर्दीत स्पीकर काय ऐकणार! चौघं-चौघं हातात हात घालून चालतात, कानात गाणी, मागून कितीही ओरडा. यांना आधी बाजूने चालायला शिकवा.

पहाटपाळी: त्या दिवशी ॲप घरीच ठेवा. सुरुवातीला गर्दी मुंगीच्या पावलांनी सरकते, आणि तुम्ही उभे असतानाच ॲपचं घड्याळ पळत असतं. साधं मनगटी घड्याळ पुरे: ८ मिनिटं पळणं, १ मिनिट चालणं. चालायचं तेव्हा आधी हात वर करून कडेला व्हा.

कट्टेकरी, अजून एक गोष्ट ॲप सांगणार नाही. नवव्या आठवड्यात ते तुम्हाला ३० मिनिटांवर सोडतं. वेग ८ मिनिटांना एक किलोमीटर धरला तर ३० मिनिटांत पावणेचार किमी होतात. ड्रीम रन ५.९ किमी, म्हणजे सलग पळून ४७ मिनिटं. म्हणून ८ आठवडे असे लावा: पाचवा पुन्हा, मग सहा ते नऊ, हे पाच झाले. पुढचे दोन आठवडे तीनपैकी एकच दिवस लांबवा, आधी ३५ मग ४० मिनिटं, त्याच ८-१ च्या पद्धतीने. शेवटचा आठवडा हलका, २० मिनिटांचे दोन दिवस.

सह्याद्री७२: मी सहावाच दोनदा करायला सांगेन आणि लांबवायला एकच आठवडा ठेवेन. ड्रीम रनला वेळ मोजत नाहीत, शेवटचे दोन किलोमीटर चालले तरी निधी कमी होत नाही. नडगी गेली तर सुरुवातीलाच पोचणार नाही.

पहाटपाळी: ३५ च्या पुढे कधी गेलाच नसाल तर ते दोन किलोमीटर चालणंही उन्हात जड जातं. मी माझ्या तक्त्यावर ठाम आहे.

कट्टेकरी: शनिवारी कट्ट्यावर अर्धी फेरी मोजून सुरुवात करतो. ॲप राहू द्या, फोनची सेटिंग आत्ताच बदलली. सहावा एकदा की दोनदा, ते नडगी बघून ठरवीन.

रस्त्यावरची: कट्ट्याबाहेरून पळणार असाल तर तिथे गाड्या लागलेल्या असतात, दारं उघडतात. कान मोकळे.