शब्दचर्चा: 'बिन्त अम्म' म्हणजे चुलत बहीण?

पानगळ: एक अरबी कथा इंग्रजीवरून मराठीत करतेय. इंग्रजीत नुसतं 'कझिन', नायकाचं लग्न ठरलंय तिच्याशी. अरबी जाणणाऱ्या एकाला मूळ पाहायला लावलं तर तिथे 'बिन्त अम्म' आहे. मग चुलत बहीण लिहू ना? पण 'त्याने चुलत बहिणीशी लग्न केलं' वाचून माझी आईच दचकली.

शारजाकर: अम्म म्हणजे काका, सोपं आहे. इथे टॅक्सीवाल्यालाही अम्मो म्हणतात, म्हणजे आपल्यासारखंच कुणालाही काका. इंग्रजीतल्या अंकलसारखा शब्द आहे हो, फार विचार करू नका.

जुनी_वही: टॅक्सीवाल्याचं बरोबर, पण नात्यात अम्म म्हणजे वडिलांचा भाऊच. आईचा भाऊ खाल, आईची बहीण खाला, वडिलांची बहीण अम्मा (हे आपलं आईवालं अम्मा नव्हे, घोटाळा इथेच होतो). म्हणजे चुलता, मामा, मावशी, आत्या, अगदी एकास एक. घोळ इंग्रजीतच आहे, अंकल-आंट-कझिनमध्ये सगळं पुसलं जातं. पण ताई, तुमची अडचण वेगळी आहे. 'बिन्त अम्म'मध्ये बहीण हा शब्दच नाही, ती फक्त काकाची मुलगी, आणि तिकडे तिच्याशी लग्न जुन्या रिवाजात चांगलं मानलेलं. 'बहीण' आपण घालतोय. आपल्याकडे लग्नाचा विषय निघाला की आपणही मामेबहीण न म्हणता 'मामाची मुलगी' म्हणतो ना, तसंच 'काकांच्या मुलीशी लग्न ठरलं' लिहा.

डबलरोटी: आमच्या शेजारी खाला राहायच्या, शीरखुर्मा द्यायच्या ईदला, त्या काय सगळ्यांच्याच मावशी होत्या का?

जुनी_वही: 😄 हाक आणि नातं वेगळं. आपली 'मावशी' तरी कुठे नात्यातच राहते?

पानगळ: काकांची मुलगी चालेल, धन्यवाद! अजून एक. नायकाची आत्या त्याला 'इब्न अखी' म्हणते, भावाचा मुलगा. मी पुतण्या लिहिलंय.

जुनी_वही: आत्याच्या तोंडी पुतण्या नको, तिचा तो भाचा. काका बोलला असता तर पुतण्या. अरबीत दोघंही 'इब्न अखी'च म्हणतील, मराठीत कोण बोलतंय ते बघावं लागतं. इथे आपली भाषा जास्त किचकट आहे. काकू-मामीचंही तसंच, त्यांच्याकडे सरळ 'काकाची बायको'.

शारजाकर: मान्य, पण मग सासऱ्याला 'अम्मी' म्हणतात ते? आमच्या ऑफिसातला सीरियन म्हणतो.

जुनी_वही: हो, आदराने म्हणतात, मग सासरा खरोखर काका असो नसो.

पानगळ: अरे देवा. शेवटच्या पानावर नवरा बायकोला 'या बिन्त अम्मी' म्हणतो. तिथे काय लिहू?

जुनी_वही: नुसत्या बायकोलाही तशी हाक मारतात. 'काकांच्या लेकी' लिहिलं तर हास्यास्पद, 'अगं' लिहिलं तर सगळंच गेलं. मला सुचत नाहीये.

डबलरोटी: 'अगं ए' 😅