मदत हवी आहे: हिस्सा निम्मा, मग देणं पूर्ण एकट्याकडून कसं काय?

एफवाय_सांगली:
प्रोप्रायटरशिप, भागीदारी आणि प्रायव्हेट लिमिटेडच्या फरकाचा तक्ता पाठ आहे पण एक गणित सुटत नाहीये. दोघं भागीदार तासगावात बेदाण्याचा धंदा करतात, हिस्सा निम्मा निम्मा, शेतकऱ्यांचं देणं २० लाख आणि सगळं विकून फर्मकडं ८ लाखच निघाले. उरले १२. मी म्हणतोय ६-६, मैत्रीण म्हणते एकाकडूनच १२ घेता येतात. कोण बरोबर?

कराडकर_०७:
मैत्रीण. म्हणून तर लोक प्रायव्हेट लिमिटेड काढतात, त्यात मालकाच्या घरादाराला कुणीच हात लावू शकत नाही. विषय संपला.

मुनीम_विश्रामबाग:
मैत्रीण बरोबर, पण विषय एवढ्यात संपत नाय. निम्मा हिस्सा हा त्या दोघांच्यातला करार, शेतकऱ्याचा त्याच्याशी काय संबंध? त्याच्या दृष्टीनं दोघंही पूर्ण देण्याला बांधील. समजा एकाच्या नावावर काहीच नाही आणि दुसऱ्याचं विट्यात घर आहे, तर शेतकरी त्या घरवाल्यालाच धरणार आणि १२ च्या १२ वसूल करणार. मग घरवाल्यानं जोडीदाराकडून ६ मागायचे, मिळाले तर मिळाले. एकट्याचं दुकान असतं तर वाटणीचा प्रश्नच नव्हता, सगळं त्याच्याच डोक्यावर.
आता हीच कंपनी धरा. दोघांनी प्रत्येकी १ लाखाचे शेअर घेतले आणि पैसे पूर्ण भरले. शेतकऱ्यांना कंपनीचे ८ लाख मिळतील, १२ बुडाले. शेअरहोल्डरचं त्या १ लाखापलीकडं काही जात नाही, म्हणजे इथं फटका शेतकऱ्याला. पण कराडकर, नवीन कंपनीला कर्ज देताना बँक बहुतेक वेळा डायरेक्टरची पर्सनल गॅरंटी घेते. तिथं सही केली की बँकेपुरतं घर परत अडकलंच. शिवाय फसवणूक सिद्ध झाली तर कंपनीच्या आड लपता येत नाही.

कराडकर_०७:
गॅरंटीचं माहीत नव्हतं. पण मग छोट्या माणसानं ऑडिट, फायलिंगचा एवढा खर्च करायचा कशाला?

अडत_दुकान:
आमचं ऐका जरा. काका आणि त्यांचा मित्र भागीदार, हळदीचं दुकान, एका पार्टीकडं ४ लाख अडकलेत. फर्मचं रजिस्ट्रेशन नाही पण शॉप ॲक्ट आहे, जीएसटी आहे. चालतंय ना?

मुनीम_विश्रामबाग:
नाय चालत. रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडची नोंदणी वेगळी. १९३२ च्या भागीदारी कायद्यात नोंदणी सक्तीची नाही, पण ती नसेल तर कलम ६९ मुळं फर्मला त्या पार्टीवर उधारीचा दावा लावता येत नाही, आणि उलट ती पार्टी मात्र तुमच्यावर लावू शकते! आधी नोंदणी करा, मग दावा. बिल किती जुनं आहे, मुदतीत बसतंय का ते वकिलाला दाखवा.

अडत_दुकान:
बिलं काकांच्या मित्राकडं आहेत, तो फोन उचलत नाय.

एफवाय_सांगली:
मुनीमजी, गणितात गॅरंटीचं काहीच दिलेलं नाही, मग पेपरात लिहू का नको?