‘नळ’ आणि ‘सार्वजनिक नळ’ वेगळे मोजताना

> पाण्याच्या स्रोताच्या प्रश्नात प्रत्येक पर्यायासाठी SEARCH लावून वेगळा स्तंभ केला, पण ‘नळ’चा आकडा फुगतो आहे.

SEARCH हे सूत्र अख्खा पर्याय नव्हे, तर केवळ अक्षरांचा क्रम शोधते, त्यामुळे ‘सार्वजनिक नळ’ या उत्तरातही त्याला ‘नळ’ सापडतो. गूगल फॉर्म्स निवडलेले पर्याय स्वल्पविराम आणि मोकळी जागा देऊन एकाच चौकटीत जोडते. म्हणून उत्तराच्या आणि पर्यायाच्या दोन्ही टोकांना तीच जोडणी लावून मग शोधावे. उत्तरे C स्तंभात आणि पर्यायांची नावे E1 पासून पुढे आहेत, असे धरले आहे.

```
=IF($C2="","",N(ISNUMBER(FIND(", "&E$1&", ",", "&$C2&", "))))
```

आता ‘सार्वजनिक नळ, विहीर’ या उत्तराला ‘नळ’खाली 0 आणि इतर दोन स्तंभांत 1 मिळतो. शीर्षकातील नाव मात्र फॉर्ममधूनच चिकटवावे. शेवटी एक मोकळी जागा राहिली तरी सगळा स्तंभ 0 दाखवतो.

रिकाम्या उत्तराला मुद्दाम 0 दिलेला नाही. मी पूर्वी तो देत असे आणि प्रश्न सोडून दिलेली कुटुंबेही ‘विहीर नाही’ म्हणून मोजली जात. टक्केवारीसाठी SUM ला COUNT ने भागावे, कारण COUNT ही रिकामी उत्तरे वगळते. सर्व पर्यायांच्या टक्केवारीची बेरीज 100 च्या वर गेली, तर ती चूक नव्हे.