मदत हवी आहे: पालकांना चिठ्ठी कशी लिहू?

सातवीतल्या एकाच्या पावसाच्या पाण्याच्या प्रोजेक्टला कॉपी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने 58% मॅच दाखवलाय, पण त्यात आम्हीच छापून दिलेले प्रश्न आणि संदर्भयादीपण धरलीये, ते वगळलं की 21% उरतात, म्हणजे एकाच वेबसाइटवरचे दोन पॅरे, जसेच्या तसे. गच्चीचं गणित मात्र त्याचंच, 100 चौरस मीटरवर 10 मिमी पाऊस म्हणजे 1000 लिटर, वहीत खाडाखोडीसकट आहे.

आईला असं लिहिलंय: "नमस्कार, ही फक्त वॉर्निंग आहे, मार्क कापलेले नाहीत. खूण केलेले दोन पॅरे त्याने सोमवारपर्यंत स्वतःच्या शब्दांत लिहावेत, खाली वेबसाइटचं नाव द्यावं. तुम्ही लिहून देऊ नका प्लीज."

शेवटचं वाक्य टोचेल का? आणि टक्केवारी टाकू की नको, आकडा बघूनच घाबरतात हो लोक.