चिडवणं आणि पालकांना निरोप

"चौथीतल्या मुलीला बोलताना अडखळते म्हणून चिडवतात. इतरांची नावं न घेता तिच्या घरी काय कळवू?"

वर्गाच्या ग्रुपवर नको, आईवडिलांना वेगळा निरोप पाठवा:

"नमस्कार. सोमवारी आणि बुधवारी मधल्या सुट्टीत काही मुलांनी तुमच्या मुलीच्या बोलण्याची नक्कल केली. त्यांच्यातल्या प्रत्येकाशी मी वेगवेगळं बोलले, त्यांच्या घरीही कळवलंय. दोन आठवडे डब्याच्या वेळी मी वर्गात थांबेन. शुक्रवारी फोन करते."

'मागच्या बाकावरची मुलं' लिहिलंत की नाव सांगितल्यासारखंच! पालकांनी नावं विचारलीच तर "तुमच्या मुलीबद्दलही मी दुसऱ्यांना सांगत नाही" एवढंच पुरे. जागा बदलायची तर चिडवणाऱ्यांची बदला. तिला हलवलंत तर शिक्षा तिलाच झाल्यासारखी वाटते.